गुरुवारचा कॉल

विषय: विलेपार्ले (पूर्व) पुनर्विकास, थकीत भाडे: गुरुवार, सायं. ६.३०

श्री. म्हात्रे, श्रीमती पाटणकर,

गेल्या महिन्यात तुमच्या दोघांत फोनवर दोनदा बोलणं झालं. आता भाड्यापेक्षा ‘कोण काय म्हणालं’ यावरच वाद आहे, म्हणून यापुढचं बोलणं तिघांत व्हावं. मीच दोघांना फोन लावून जोडून घेईन. चाळीस मिनिटं पुरतील.

मी पाटणकरांची वकील आहे, मध्यस्थ नाही. कॉल मी लावते म्हणून मला तटस्थ समजू नये. म्हात्रे, आपण विकासकातर्फे बोलाल. रक्कम मान्य करण्याचा अधिकार आपल्याला असेल तर तसं कंपनीचं पत्र बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. नसेल तर फक्त हिशेब जुळवू. कंपनीने या प्रकरणात वकील नेमला असेल तर मला आपल्याशी परस्पर बोलता येणार नाही. त्यांनाही कॉलवर घ्या.

बोलायचे विषय:
१. सात महिन्यांचं थकीत भाडं, दरमहा ५५,००० प्रमाणे ३,८५,००० रुपये.
२. आधीच्या अकरा महिन्यांत कापलेला टीडीएस, ६०,५०० रुपये. अशा भाड्यावर टीडीएस लागत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा एप्रिल २०२४चा निकाल आहे. रक्कम सरकारजमा केली असेल तर चलनं सोबत ठेवा.
३. पुढचं भाडं कोणत्या तारखेला येणार.

ताबा आणि वाढीव चटईक्षेत्र हे विषय या कॉलमध्ये नकोत.

हे बोलणं तडजोडीसाठी, दोन्ही बाजूंचे हक्क अबाधित ठेवून होईल. त्यातलं काहीही कोर्टात पुरावा म्हणून मांडायचं नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २१चा आधार मिळायचा तर ही अट आधी ठरलेली बरी. म्हणून दोघांनीही या मेलला ‘अटी मान्य’ एवढं उत्तर द्यावं. दोन्ही उत्तरं आल्याशिवाय मी फोन लावणार नाही. जे ठरेल ते मी त्याच रात्री लिहून पाठवेन. दोघांच्या सह्या होईपर्यंत ते कोणावरही बंधनकारक नाही.

ॲड. कर्णिक, फोर्ट

(व्हॉट्सॲपवर, फक्त पाटणकर काकूंना)

काकू, मेल पाहिलात ना? हे त्यात लिहिण्यासारखं नव्हतं. म्हात्रे लाइनवर असताना मला ‘काय करू?’ असं विचारू नका. तुमचं-माझं बोलणं कायद्याने गुप्त असतं, पण समोरचा ऐकत असेल तर ती गुप्तता राहत नाही. काही वाटलं तर ‘पाणी पिऊन येते’ म्हणा. मी म्हात्रेंची लाइन तोडून तुम्हाला वेगळा फोन करेन. होल्डवर माझा भरवसा नाही.

मागच्या वेळी ‘निम्मे दिलेत तरी चालतील’ म्हणालात, ते त्यांनी नक्की लिहून ठेवलं असणार. या वेळी आकडा मीच बोलेन. बँकेचं पासबुक जवळ असू द्या, आणि फोन स्पीकरवर नको. भाऊजी मध्येच बोलतात.