टेलिफोन विभागाची संभाषण-संहिता : वेक-अप कॉल आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’

ही संहिता पुणे स्टेशनजवळच्या आपल्या हॉटेलातील टेलिफोन ऑपरेटरांसाठी, विशेषतः रात्री 11 ते सकाळी 7 या पाळीसाठी आहे. आपल्याकडे उतरणाऱ्या पुष्कळ पाहुण्यांना पहाटेची गाडी किंवा लोहगावहून सुटणारे विमान गाठायचे असते. असा पाहुणा मोबाइलच्या गजराऐवजी आपल्या शब्दावर विसंबून झोपतो, तेव्हा तो शब्द वहीत उतरल्याशिवाय ऑपरेटरने दुसरा फोन घेऊ नये.

विनंती घेताना

फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलावा. कन्सोलवर खोली क्रमांक आणि पाहुण्याचे नाव दिसते, तरीही नावाची खात्री करून घ्यावी, कारण एका खोलीत दोघे उतरलेले असतात आणि उठायचे कदाचित एकालाच असते.

ऑपरेटर : नमस्कार, टेलिफोन विभागातून प्राजक्ता बोलते आहे. मी आपली काय मदत करू?

पाहुणे : उद्या सकाळी साडेपाचला उठवाल का? डेक्कन क्वीन पकडायची आहे.

ऑपरेटर : जरूर, सर. मी कुलकर्णी सरांशीच बोलते आहे ना?

पाहुणे : हो.

ऑपरेटर : आता मध्यरात्र उलटून वीस मिनिटे झाली आहेत, म्हणून विचारते. आपल्याला आजच, म्हणजे बुधवारी सकाळी, साडेपाचला उठायचे आहे ना?

पाहुणे : हो, आजच. थोड्या वेळाने.

ऑपरेटर : ठीक आहे. खोली क्रमांक तीन शून्य नऊ, बुधवार, सकाळी पाच वाजून तीस मिनिटे. हे बरोबर आहे ना, सर? दहा मिनिटांनी पुन्हा एक फोन करू का?

पाहुणे : केलात तर बरे होईल.

ऑपरेटर : दुसरा फोन पाच चाळीसला करते. शुभ रात्री, सर.

रात्री बारानंतर ‘उद्या’ हा शब्द धोक्याचा असतो, कारण पाहुण्याच्या दृष्टीने झोप झाल्यावर उजाडतो तो उद्या आणि संगणकाच्या दृष्टीने तारीख केव्हाच बदललेली असते. म्हणून वाराचे नाव घेऊनच खात्री करावी. ‘साडे’, ‘सव्वा’, ‘पावणे’, ‘दीड’ आणि ‘अडीच’ हे शब्द पाहुण्याने वापरले तर जरूर ऐकावेत, परंतु उलट वाचून दाखवताना तास आणि मिनिटे सुटी सांगावीत, कारण ‘पावणेपाच’ आणि ‘सव्वापाच’ यांत अर्ध्या तासाचा फरक असून झोपाळलेल्या आवाजात दोन्ही सारखेच ऐकू येऊ शकतात. खोली क्रमांकाचेही एकेक अंक वेगळे उच्चारावेत. वहीत वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी, म्हणजे पहाटेचे 5:30 आणि संध्याकाळचे 17:30 यांची गल्लत होणार नाही.

पाहुण्याने गाडीचे नाव सांगितले तर वेळ एकदा मनाशी ताडून पाहावी. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी 7:15 ला सुटते, तेव्हा तिच्यासाठी कोणी पावणेसातचा फोन मागितला, तर ‘गाडी सव्वासातची आहे, थोडे आधी उठवू का?’ एवढे विनम्रपणे विचारावे आणि पाहुणा जे ठरवेल ते मान्य करावे.

उठवताना

यंत्राचा आपोआप जाणारा कॉल लावलेला असला तरी सकाळी सातच्या आधीचा प्रत्येक वेक-अप कॉल ऑपरेटरने स्वतः करावा. यंत्राच्या कॉलला पाहुणा अर्धवट झोपेत रिसीव्हर उचलून खाली ठेवतो, यंत्रात ‘उत्तर मिळाले’ अशी नोंद होते आणि गाडी निघून जाते. माणसाच्या आवाजाला मात्र उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरावरूनच पाहुणा खरोखर जागा झाला आहे की नाही हे कळते.

ऑपरेटर : सुप्रभात, कुलकर्णी सर. सकाळचे साडेपाच वाजले आहेत. आपण सांगितल्याप्रमाणे उठवण्यासाठी फोन केला आहे. खोलीत चहा पाठवायला सांगू का?

आवाज मंद आणि स्पष्ट असावा. चहाचा प्रश्न सौजन्याचा आहेच, शिवाय त्याला उत्तर देताना पाहुण्याची झोप बहुतेक वेळा उडते. नुसता हुंकार आला तर दुसरा फोन मागितलेला नसला तरी तो करावा.

आठ रिंग होऊनही उत्तर आले नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा फोन करावा. तेव्हाही उत्तर नसेल तर ड्युटी मॅनेजरला लगेच कळवावे, म्हणजे ते सुरक्षारक्षकासह खोलीवर जाऊन दार ठोठावतील. यात पाच-दहा मिनिटांचाही विलंब करू नये. पाहुणा स्नानगृहात असेल किंवा केव्हाच निघून गेला असेल, पण तो आजारी पडलेला असण्याचीही शक्यता असते. ऐकू कमी येणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत फोनवर न थांबता, त्याच्याशी आधी ठरवल्याप्रमाणे, ठरल्या वेळी माणूसच खोलीवर पाठवावा.

‘डू नॉट डिस्टर्ब’ची विनंती

पाहुण्याने फोन बंद ठेवायला सांगितले म्हणजे दाराची पाटी लागली असे होत नाही, आणि दाराला पाटी लावली म्हणून फोन बंद करावा असेही नाही. दोन्ही गोष्टी विचाराव्यात.

ऑपरेटर : मॅडम, आपल्या खोलीत बाहेरचे फोन जोडणार नाही. हे किती वाजेपर्यंत ठेवू?

पाहुणे : सकाळी नऊपर्यंत. मी रात्रभर प्रवास करून आले आहे.

ऑपरेटर : ठीक आहे, नऊ वाजेपर्यंत. घरून तातडीचा फोन आला तर आपल्याला उठवावे असे कोणी आहे का? शिवाय हाउसकीपिंगलाही नऊपर्यंत दार वाजवू नका असे कळवू का?

पाहुणे : फक्त माझ्या आईचा फोन आला तर द्या. आणि हो, हाउसकीपिंगलाही सांगा.

ऑपरेटर : तसे लिहून ठेवते. आपण साडेआठचा वेक-अप कॉल आधीच मागितला आहे. तो करायचा ना?

हा शेवटचा प्रश्न कधीही गाळू नये. वहीत एकाच खोलीपुढे वेक-अप आणि डीएनडी अशा दोन्ही नोंदी दिसल्या तर कोणती पाळायची हे ऑपरेटरने स्वतःच्या अंदाजाने ठरवू नये.

डीएनडी असताना बाहेरून फोन आल्यास

फोन करणाऱ्याला खोली क्रमांक सांगू नये. पाहुणा झोपला आहे, एकटा आहे, बाहेर गेला आहे, यांपैकी काहीही बोलू नये. नाव न सांगता नुसता खोली क्रमांक देऊन ‘जोडून द्या’ म्हणणाऱ्याचा फोन डीएनडी नसतानाही जोडू नये, कारण रात्री रिसेप्शनचे नाव सांगून पाहुण्यांकडून कार्डाचा क्रमांक काढून घेणारे लोक असाच फोन करतात.

ऑपरेटर : क्षमस्व, सध्या फोन जोडता येणार नाही. आपण निरोप आणि फोन नंबर दिलात तर मी तो पोहोचवण्याची व्यवस्था करते.

फोन करणारे : मी त्यांचा जुना मित्र आहे. नुसते हो की नाही सांगा, ते तिथेच उतरले आहेत ना?

ऑपरेटर : सर, कोणत्याही पाहुण्याबद्दल माहिती देण्याची आम्हाला परवानगी नाही. आपला निरोप मात्र लिहून घेते.

वाद वाढला किंवा दवाखाना, पोलीस, अपघात असा उल्लेख आला तर फोन होल्डवर ठेवून ड्युटी मॅनेजरला द्यावा. आग किंवा इमारत रिकामी करण्याची वेळ आली तर कोणतीही डीएनडी लागू राहत नाही आणि प्रत्येक खोलीत फोन जातो.

दुपारी दोन वाजेपर्यंत दाराची पाटी निघाली नाही आणि पाहुण्याकडून काही कळले नाही, तर हाउसकीपिंगच्या सांगण्यावरून ऑपरेटरने एकदा फोन करावा : ‘नमस्कार मॅडम, आपली विश्रांती मोडल्याबद्दल क्षमस्व. सर्व ठीक आहे ना, एवढेच विचारायला फोन केला होता. खोलीची सफाई आपल्याला कधी सोयीची होईल?’ उत्तर आले नाही तर वेक-अप कॉलप्रमाणेच ड्युटी मॅनेजरला कळवावे.

सकाळी सातला पाळी बदलताना पुढच्या ऑपरेटरला प्रत्येक चालू डीएनडी आणि उरलेला प्रत्येक वेक-अप कॉल वहीतून मोठ्याने वाचून दाखवावा, आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच हेडसेट काढावा.