फ्लशची गळकी टाकी आणि तुटलेला शॉवर बदलून मिळण्याबाबत

फ्लॅट क्र. ६, दुसरा मजला,
इंदिरानगर, नाशिक
८ जुलै २०२५

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मे महिन्यात आणि परत जूनमध्ये फोनवर या विषयावर आपलं बोलणं झालं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "वॉशर बदलून बघा, जुन्या टाक्यांचं असंच असतं." त्याप्रमाणे केलं. पण परवा आषाढीच्या सकाळी प्रकरण वॉशरच्या पुढे गेलं, म्हणून हे सविस्तर पत्र लिहिते आहे. हे पोस्टाने पाठवते आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाकते. पुण्यात तुमच्या हाती पत्र पडेपर्यंत तेवढे दिवस वाया जायला नकोत.

आधी टाकीचं सांगते. कमोडमागची ही प्लास्टिकची टाकी आम्ही तीन वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हाही पिवळी पडलेलीच होती. आता ती दोन ठिकाणी गळते. एक गळती आतली. फ्लश न ओढताही भांड्यात पाण्याची बारीक धार चालूच असते. खात्री करायला मी टाकीत जिलबीचा रंग टाकला आणि कोणालाही फ्लश करू दिला नाही. वीस मिनिटांत भांड्यातलं पाणी केशरी झालं. मे महिन्यात प्लंबरने आतला वॉशर आणि फ्लोट व्हॉल्व्ह बदलला, त्याचे ४८० रुपये आम्हीच दिले. ते मागत नाही, करारात किरकोळ दुरुस्ती आमच्याकडेच आहे. पण वॉशर जिथे बसतो ती कडाच झिजली आहे, त्यामुळे नवा वॉशरही महिनाभरच टिकला.

दुसरी गळती बाहेरची, आणि ती जास्त वाईट. पाणी आत येतं त्या नळीच्या भोकापासून खाली बोटभर लांबीची चीर गेली आहे. जूनमध्ये तिला एम-सील लावलं, ते आठ दिवस राहिलं. आषाढीच्या सकाळी ते सुटलं आणि टाकीखालून पाणी ठिबकायला लागलं. खाली दहा लिटरची बादली ठेवली, ती पाच तासांत भरली. म्हणजे दिवसाला जवळजवळ ४८ लिटर, आणि आतून वाहून जाणारं वेगळंच. बादलीतलं पाणी आम्ही फरशी पुसायला वापरतो, पण रात्री दोनदा उठून बादली बदलावी लागते. यांची या आठवड्यात अंबडला रात्रपाळी आहे, त्यामुळे ते काम माझ्याकडेच आलं आहे! आता झोपताना अँगल कॉक बंद करून ठेवते. मग रात्री कोणाला जावं लागलं की मगने पाणी ओतायचं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना वाकून बादली उचलणं जमत नाही, म्हणून त्या मला हाक मारतात.

तुम्हाला सगळ्यात आधी कळायला हवी ती गोष्ट खालच्या मजल्याची. आमच्या खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. पाऊस चालू असल्यामुळे आधी सगळ्यांना पावसाचीच वाटली. पण बाहेरच्या भिंती कोरड्या आहेत आणि ओलीचा डाग बरोबर आपल्या टाकीच्या खाली आहे. प्लंबरच्या मते पाणी टाकीखालच्या टाइल्सच्या सांध्यांतून मुरतंय. काकू अजून गोडीने बोलतात, पण रंगाचा खर्च कोण देणार हे त्यांनी एकदा विचारून झालं आहे. शिवाय आपल्या बिल्डिंगला महापालिकेचं पाणी सकाळी एकदाच येतं. गंगापूर धरण भरो न भरो, गच्चीवरची टाकी दुपारी रिकामी झाली की सगळ्या नजरा फ्लॅट ६ कडे वळतात.

आता शॉवर. त्याचा भिंतीतून बाहेर येणारा पाइप गेल्या गुरुवारी आट्यांपाशीच तुटला. तुम्हाला शंका येईल, म्हणून आधीच सांगते की आमचा सहा वर्षांचा मुलगा त्याला लोंबकळलेला नाही. त्याचा हात तिथपर्यंत पोचतच नाही. तुटलेला तुकडा मी पिशवीत ठेवला आहे. त्याच्या तोंडाशी सगळीकडे काळपट-तांबूस गंज आहे आणि फक्त नखाएवढी कड चकाकते. म्हणजे तो आतून बराच आधी खाल्ला गेला होता आणि एवढ्याशा कडेवर तगून होता. त्याचे फोटोही व्हॉट्सॲपवर पाठवते. आता अर्धे आटे भिंतीतच अडकले आहेत. नळ सोडायला हात चुकला की तिथून पाण्याची पिचकारी समोरच्या दारावर येते. आम्ही तिथे चिंधी आणि टेप गुंडाळून ठेवली आहे, पण ते काही खरं नाही.

अंघोळ बादलीने चालू आहे, त्याची तक्रार नाही. पण अडकलेले आटे काढताना एखादी टाइल फुटू शकते असं प्लंबर म्हणाला. तशीच टाइल आता मिळेल असं वाटत नाही. घर तुमचं आहे, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्याला छिन्नीला हात लावू दिलेला नाही.

प्लंबरकडून खर्च विचारून घेतला. दहा लिटरच्या जुन्या टाकीऐवजी दोन बटणांची टाकी बसवावी असं मला वाटतं. तिच्यात छोट्या बटणाला तीन लिटर आणि मोठ्याला सहा लिटर पाणी जातं. आपल्या भांड्याला ती चालेल हे त्याने बघितलं आहे. टाकी १,६५० रुपये, नवा अँगल कॉक आणि नळी ३५०, मजुरी ६००. शॉवर पाइपसकट १,१००, मजुरी ५००. एकूण ४,२०० रुपये. टाइल फोडावी लागली तर त्याचे साधारण हजारभर रुपये वेगळे. तुमचा ओळखीचा माणूस यापेक्षा स्वस्तात करत असेल तर त्याला पाठवा. मी दुपारी दोननंतर रोज घरी असते. फक्त परत एम-सील लावून घेऊ नका, एवढी विनंती.

आपल्या करारात मोठी दुरुस्ती आणि जुन्या वस्तू बदलणं मालकाकडे आहे. ही दोन्ही कामं त्यात बसतात असं मला वाटतं. तुम्हाला येणं जमणार नसेल तर फोनवर होकार द्या. मी काम करून घेते, दुकानाची पक्की बिलं आणि जुनी टाकी जपून ठेवते आणि ती रक्कम ऑगस्टच्या भाड्यातून वळती करते. पण लेखी होकार हवा, व्हॉट्सॲपवरचा एक मेसेजही चालेल. तुमच्या होकाराशिवाय भाड्यातून एक रुपयाही कापणार नाही.

काहीही ठरलं तरी टाकीचं काम रविवार, २० जुलैच्या आत व्हायला हवं. खालचं छत त्याच्यापुढे थांबेल असं वाटत नाही. शॉवर आठ-दहा दिवस मागे-पुढे झाला तरी आम्ही चालवून घेऊ.

सप्टेंबरअखेर करार संपतो आहे. आम्हाला इथेच राहायचं आहे, मुलाची शाळाही जवळ आहे, तेव्हा त्याबद्दलही एकदा बोलून घेऊ. खालच्या काकूंना तुम्ही स्वतः एक फोन केलात तर बरं होईल. माझ्यापेक्षा त्या तुमचं ऐकतील.

काकूंना नमस्कार सांगा. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का ते कळवा.

आपली,
वैशाली