मोहदरी घाटातली नोंद

अण्णांचा डावा डोळा काचबिंदूनं गेला आणि उजव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं. तरीही त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्यांना चुकवायची नव्हती. पंढरपूरपर्यंत धरायला कुणीतरी हवं होतं. सिन्नरच्या पुढे आतेभाऊ येणार होता. तोवरचे पाच दिवस माझ्याकडे आले.

माझा देवावर विश्वास नाही. हे अण्णांना माझ्या डिप्लोमाच्या वर्षांपासून माहीत आहे, आणि त्या डिप्लोमाची फी त्यांनीच द्राक्षाच्या पट्टीतून भरली होती. "विश्वास राहू दे घरी," ते म्हणाले, "तू फक्त खड्डे सांग." मी पाच दिवसांची रजा टाकली.

सातपूरच्या एका कारखान्यात मी मशीनची कंपनं मोजतो. बेअरिंगच्या घरावर सेन्सर चिकटवायचा, वेग वाचायचा, वहीत लिहायचा. आमच्याकडे साडेचार मिलिमीटर प्रति सेकंदाच्या वर गेलं की मशीन थांबवतात. या कामानं एक गोष्ट अंगात मुरली आहे. बंद मशीनवर सेन्सर ठेवला तरी आकडा शून्य येत नाही. शेजारची प्रेस जमीन हलवत असते, रस्त्यावरून ट्रक जातो. कुठलीही वस्तू पूर्ण स्वस्थ नसते, हे मी एकोणीस वर्षं रोज वाचत आलोय.

डोक्याचंही तेच. मी सतत मोजतो. जिन्याच्या पायऱ्या, विजेचे खांब, समोरच्याच्या शर्टाची बटणं. बायको म्हणते, झोपेतही बोटं हलतात.

दिंडीत पहिल्या दिवशी मी पावलं मोजली. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर, माझी नजर रस्त्यावर. "खड्डा, उजवीकडे. खडी आहे. गतिरोधक." मध्ये मनातल्या मनात आकडे. सातपूरच्या मुक्कामाला पोहोचलो तेव्हा पायांना फोड आले होते. माझा आकडा घड्याळातल्या आकड्यापेक्षा फक्त दोनशेनं कमी होता. मला बरं वाटलं.

दुसरा दिवस नाशिकमध्ये गेला. लोकांनी रस्ताभर चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू दिले. तिसऱ्या दिवशी नाशिकरोड ओलांडून पळसे. उन्हानं डांबर मऊ झालं होतं.

पळशाच्या मुक्कामी शेजारच्या राहुटीतल्या आजींनी एका लहान मुलीला निवृत्तिनाथांची गोष्ट सांगितली. आईवडील आणि भावंडं मिळून ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होती. वाटेत वाघ आला. पळापळ झाली आणि निवृत्ती चुकला. शिरला तो नेमका गहिनीनाथांच्या गुहेत. तिथं त्याला गुरू मिळाला, आणि पुढे तोच ज्ञानोबांचा गुरू झाला. मुलीनं विचारलं, "वाघाचं काय झालं?" आजी म्हणाल्या, "वाघाचं काम झालं होतं." ही गोष्ट मी लहानपणी अण्णांकडून दहा वेळा ऐकली असेल. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की तो मुलगा गुहा शोधायला निघालाच नव्हता.

चौथ्या दिवशी पहाटे काकडा झाला आणि दिंडी हलली. सिन्नरच्या अलीकडे मोहदरीचा घाट लागतो. पुणे महामार्गच तो. एका अंगानं दिंड्या, दुसऱ्या अंगानं ट्रेलर, एसटी, कंटेनर. पाऊस नव्हता, पण डोंगरावर ढग टेकले होते. पुढे पखवाज, वीणेकरी, टाळकऱ्यांच्या दोन रांगा. घाटाच्या पायथ्याशी माझा आकडा नऊ हजार चारशे बारा होता. तो मला अजून आठवतो, कारण त्याच्या पुढचा आकडा नाही.

काय झालं ते सांगायला माझ्याकडे नीट शब्द नाहीत. म्हणून काय झालं नाही ते सांगतो. डोळ्यांपुढे उजेड आला नाही. अंगावर काटा आला नाही. कुणी दिसलं नाही. ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. टाळ, पताकेची फडफड, पुढच्या बाईच्या डोक्यावरच्या तुळशीचा वास, सगळं होतं, उलट नेहमीपेक्षा स्वच्छ होतं. फक्त ते ज्याच्यावर येऊन आदळायचं, ते काहीतरी तिथं नव्हतं. जमीनच हलत नव्हती. पाय चालत होते आणि मी थांबलो होतो. मोठ्या मशीन शॉपमध्ये वीज गेली की आधी कळतं तरी का, इतका वेळ केवढा आवाज होता ते? तसं कळलं, आणि मग कळणंही संपलं.

"सुधीर."

अण्णांनी खांद्यावरचा हात दाबला. आम्ही घाटाच्या वर होतो.

"लई वेळ झाला, बोलला नाहीस रे."

माझ्या पोटात गोळा आला. चढभर मी एकही खड्डा सांगितला नव्हता. सत्तरी पार केलेला, जवळजवळ न दिसणारा माणूस महामार्गाच्या कडेनं माझ्या भरवशावर चालला होता.

"अण्णा, लागलं का कुठं? ठेच?"

"नाही लागली. तू बरा चालत होतास. रोज तुझा खांदा घोड्यावानी थरथरतो. मोजतोस ना? आज थरथर नव्हती."

मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं गेली होती. पुढे त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पाण्याच्या टँकरपाशी जाऊन दोघं ओंजळीनं पाणी प्यालो.

लोणारवाडीच्या मुक्कामी मी वही काढली. नाडीचा आलेख बघितला. घाट चढताना असावी तशीच एकशे दहाच्या आसपास, कुठं खड्डा नाही, उंचवटा नाही. कारणं लिहून काढली. पखवाजाच्या ठेक्याला पाऊल जुळलं आणि पावलाला श्वास. चार दिवसांची अपुरी झोप. सकाळपासून फक्त चहा आणि दोन लाडू. ही कारणं खरी असतील, एकही मी खोडलं नाही. पण पहिल्या तिन्ही दिवशी हे सगळं थोडंफार होतंच, आणि तेव्हा आकडे चालू होते.

पाचव्या दिवशी प्रयोग केला. तेवढाच चहा, तेवढेच लाडू, त्याच रांगेत तीच जागा, तोच पखवाज. दातलीपर्यंत मी वाट बघत चाललो. काही झालं नाही. दातलीला रिंगण झालं. अश्व धावला तेव्हा अण्णांना दिसत नव्हतं, पण टापांच्या दिशेनं ते मान फिरवत होते. माझा गळा भरून आला. तो आनंद होता, आणि आनंद मी ओळखतो. कालचं ते आनंद नव्हतं, दुःख तर नव्हतंच.

खंबाळ्याला आतेभाऊ भेटला. अण्णांचा हात मी त्याच्या खांद्यावर ठेवला, त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "ह्याला खड्डे नीट सांगायला शिकव." मी सांगितलं: आधी बाजू, मग वस्तू.

सिन्नरहून नाशिकची एसटी मिळाली. मोहदरीत खिडकीला कपाळ टेकवून जागा शोधत होतो. घाट दहा मिनिटांच्या आत उतरून झाला. ओळखीचं एकही वळण दिसलं नाही.

वहीत रोजच्या तासाची नोंद होती. चौथ्या दिवसाच्या पानावर एक रकाना मोकळा राहिला होता. आमच्या कामात मोकळ्या रकान्याचा अर्थ असतो, रीडिंग घेतलंच नाही. बस शिंद्याच्या थांब्यावर थांबली, हात स्थिर झाला, तेव्हा मी पेन काढलं आणि त्या रकान्यात शून्य लिहिलं.