कै. गंगाराम विठोबा खवणेकर (तात्या) यांची प्रार्थनासभा

छापील सूचना

॥ श्री ॥

कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे वडील

कै. गंगाराम विठोबा खवणेकर
(तात्या, वय ७८)

यांचे मंगळवार, दि. ३१ डिसेंबर २०२४, पौष शुद्ध प्रतिपदा, शके १९४६ रोजी पहाटे राहत्या घरी निधन झाले.

तात्या वयाच्या पंधराव्या वर्षी रापणीला लागले. हातपाय चालत होते तोवर त्यांनी रापण सोडली नाही. वाटे घालताना आजारी गड्याचा वाटा ते आधी काढून ठेवत आणि संध्याकाळी स्वतः त्याच्या घरी नेऊन देत. अखेरच्या दोन वर्षांत समुद्रावर जाणे थांबले, तरी पडवीत बसून फाटकी जाळी सांधून द्यायचे. अर्धे सांधलेले एक जाळे अजून तिथेच आहे. ते आम्ही हलवलेले नाही.

त्यांच्या आत्म्यास शांती लाभावी म्हणून

प्रार्थनासभा
रविवार, दि. १२ जानेवारी २०२५
दुपारी ४ वाजता
राहत्या घराच्या खळ्यात, दांडी, मालवण

प्रथम भजन, मग दोन मिनिटे मौन. त्यानंतर ज्यांना तात्यांची आठवण सांगावीशी वाटेल त्यांनी जरूर सांगावी. मालवणीत सांगितली तर तात्यांना ती अधिक आपली वाटली असती. सूर्यास्ताआधी सभा संपेल.

सकाळचे तेराव्याचे विधी घरच्यांपुरते आहेत. हार, फुले, भेटवस्तू आणू नयेत, ही नम्र विनंती.

मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावे. तिथून मालवणपर्यंत एस.टी. मिळते, पुढे रिक्षा. पाणंद अरुंद आहे, म्हणून गाड्या दांडेश्वर मंदिराच्या अलीकडेच ठेवाव्यात.

शोकाकुल
पत्नी, मुलगे, सुना, मुलगी, जावई, नातवंडे
समस्त खवणेकर परिवार आणि रापणीतले सर्व गडी

फोनवरचे चित्र

(छायाचित्र: होडीला टेकून बसलेले तात्या)

भावपूर्ण श्रद्धांजली

कै. गंगाराम विठोबा खवणेकर
(तात्या)
निधन: ३१ डिसेंबर २०२४

प्रार्थनासभा
रविवार, १२ जानेवारी
दुपारी ४ वा.
राहते घर, दांडी, मालवण

हार-फुले आणू नयेत.

चित्रासोबतचा मजकूर

नमस्कार. आमच्या तात्यांची प्रार्थनासभा येत्या रविवारी, १२ तारखेला दुपारी ४ वाजता दांडीला घरी आहे. तात्यांचा गोतावळा मोठा, प्रत्येकाच्या दारी जाणे आम्हाला या दिवसांत जमलेले नाही. हे चित्र मिळाले म्हणजे आम्हीच येऊन सांगितले, असे समजावे. देवबाग आणि तारकर्लीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांकडे असा फोन नाही, त्यांना शेजाऱ्यांनी कृपया वाचून दाखवावे. त्यातले बरेच जण तात्यांसोबत दोर ओढलेले आहेत. ज्यांना चालवत नाही त्यांनी शुक्रवारपर्यंत निरोप द्यावा, आमचा धाकटा भाऊ रिक्षा घेऊन न्यायला येईल.