चौथं पातेलं

पहिलं पनीर कापायला सुप्रियानं विळी घेतली तर ते पात्यावर उसळलं. तव्यावर टाकलं तरी तसंच. मामंजींनी एक तुकडा बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "पोरी, ह्यानं पाटी पुसता येईल."

चूक नंतर उमगली. उकळत्या दुधातच, गॅस चालू ठेवून लिंबू पिळलं होतं, वर डावानं खव्यासारखं घोटलंही. आणि घट्ट व्हावं म्हणून रात्रभर पाट्याखाली दाबलं. 5 लिटर दूध.

दुसऱ्या खेपेला शेजारच्या जर्सीचं 3 लिटर आणलं. फडकं सोडलं तर नुसता भुगा. त्याची भुर्जी मात्र झकास झाली, पण भुर्जी विकायला कोण बसलं होतं? तिसऱ्या खेपेला 4 लिटर, घरच्या म्हशीचं. पहिल्याची धास्ती म्हणून हात आखडून लिंबू घातलं. निवळी पांढरीच राहिली, निम्मं दूध तिच्यातच गेलं. कालवड तेवढी खूश.

आत्ती डेअरीचं पासबुक घेऊन बसल्या. "12 लिटर झालं. पेंडीचं पैसं काय मी छापू?"

चौथ्या वेळी आत्ती चुलीपाशी पाट टाकून बसल्या, राखणीलाच म्हणा ना. सुप्रियानं 5 लिटर म्हशीचं दूध उकळलं, गॅस बंद केला, पाच-सात मिनिटं नुसतं राहू दिलं. अर्धा लिटर गरम पाण्यात 10 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून पळी-पळीनं सोडत गेली. डाव हळूच फिरवला. अजून पांढरं. अजून एक पळी. आणि मग कडेनं दूध फाटत गेलं, मधे गोळे, भोवती हिरवट पिवळं नितळ पाणी.

"बास," आत्ती म्हणाल्या. "आता हात लावू नगंस."

पाट्याऐवजी 3 लिटरचा पाण्याचा कॅन ठेवला, वीस मिनिटं. मग बर्फाच्या पाण्यात दोन तास. काट्यावर किलोला जरा कमी भरलं. विळीखाली कडा सरळ आली.

अन्न परवान्याची नोंदणी करून घेतली आणि पहिला पाव किलो गल्लीतल्या मास्तरीणबाईंना दिला, 95 रुपयांना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा पोरगा डबा परत घेऊन आला. डब्यात ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा.

"आई म्हणत्या, रविवारी अर्धा किलो. आणि आयर्विन पुलापलीकडं मावशी राहत्या, त्यांना एक किलो."

म्हणजे साडेसात लिटर. सुप्रियानं आत्तींकडं बघितलं. तेवढं दूध डेअरीला कमी जाणार, हे बोलायचं कसं?

रविवारी सकाळी आत्ती गोठ्यातून बादली घेऊन आल्या. काही न बोलता दूध आधी मोठ्या पातेल्यात ओतलं. उरलं ते डेअरीच्या किटलीत.