हजार रुपयांनी काय होतं, ते सांगतो

मालवण
12 जून 2025

चि. तन्मय,
अनेक आशीर्वाद.

लोट्याला नोकरी लागली, खोली मिळाली, मेसचं जेवण बरं आहे हे सगळं ताईकडून कळलं. परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, हजार रुपये महिन्याला टाकून असं काय होणार आहे, पगार वाढला की बघू". फोनवर मी जास्त बोललो नाही कारण हे आकडे कानाने ऐकून पटत नाहीत, कागदावर बघावे लागतात. म्हणून हे पत्र. कॅल्क्युलेटर घेऊन बस आणि मी लिहिलेला प्रत्येक आकडा स्वतः करून बघ, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नको.

समज तू पोस्टात पीपीएफ खातं उघडलंस. सध्या व्याज 7.1 टक्के आहे, एप्रिल 2020 पासून तेवढंच आहे. महिन्याला हजार, म्हणजे वर्षाचे 12 हजार. पहिल्या वर्षाअखेर 31 मार्चला खात्यात व्याज जमा होतं साधारण 461 रुपये. ते बघून तुला वाटणार की यापेक्षा माझ्या मेसचं आठवड्याचं बिल जास्त आहे. बरोबर. आता दुसऱ्या वर्षी काय होतं ते नीट बघ. जुन्या 12,461 रुपयांवर 885 रुपये व्याज मिळतं, त्यातले 852 तू भरलेल्या 12 हजारांचे आणि उरलेले 33 रुपये आदल्या वर्षीच्या व्याजाचे. म्हणजे 33 रुपये असे की ज्याच्यासाठी तू काहीच भरलेलं नाहीस. चक्रवाढ व्याज म्हणजे हे 33 रुपये, बाकी काही गूढ नाही त्यात. पुढच्या वर्षी या 33 वर पण व्याज, त्या व्याजावर परत व्याज, आणि हे कोणी थांबवलं नाही तर थांबत नाही.

साधं व्याज असतं तर? 10 हजार ठेवले, 7.1 टक्क्याने दर वर्षी 710 रुपये, 30 वर्षांत 21,300, मुद्दल धरून 31,300. तेच 10 हजार चक्रवाढीने 30 वर्षांत 78 हजारांच्या वर जातात. दर तोच, वर्षं तेवढीच, फरक एवढाच की व्याज काढून न घेता आतच ठेवलं. पटकन हिशोब करायचा असला तर 72 ला दराने भाग, जेवढा आकडा येईल तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. 72 भागिले 7.1 म्हणजे दहा वर्षं. दहा वर्षांनी दुप्पट, वीस वर्षांनी चौपट, तीस वर्षांनी जवळजवळ आठपट. बघ, शेवटच्या दहा वर्षांत चारपटीवरून आठपट झालं, म्हणजे पहिल्या वीस वर्षांत जेवढी वाढ झाली त्याच्यापेक्षा जास्त वाढ शेवटच्या दहात झाली.

आता तुझ्या हजार रुपयांचं. दर 7.1 च राहिला असं धरून चालू (तो सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं, कमी-जास्त होऊ शकतो, मी पोस्टात काउंटरला होतो तेव्हा एके काळी 12 टक्के होता). दहा वर्षांनी तू भरलेले असतील 1 लाख 20 हजार आणि खात्यात असतील 1 लाख 73 हजार. फार नाही वाटत ना? पण अकराव्या वर्षापासून एक गोष्ट होते, नुसत्या जुन्या शिलकेवरचं व्याज 12,280 च्या आसपास येतं, म्हणजे तू वर्षभरात भरतोस त्यापेक्षा व्याजच जास्त. वीस वर्षांनी खात्यात 5 लाख 16 हजार, पुढच्या वर्षीचं व्याज 36 हजारांच्या वर, म्हणजे तुझ्या भरण्याच्या तिप्पट. तीस वर्षांनी जवळपास 12 लाख आणि वर्षाचं व्याज 85 हजार. आणि 35 वर्षांनी, म्हणजे तू 58 चा होशील तेव्हा, 17 लाख 60 हजार. तू स्वतः भरलेस किती? 4 लाख 20 हजार. बाकीचे सव्वातेरा लाखांहून जास्त व्याज आहे.

आता "पगार वाढला की बघू" याचं उत्तर. तू 23 ऐवजी 33 व्या वर्षी सुरू केलंस, तेच हजार रुपये, तोच दर, तर 58 ला हातात येतील 8 लाख. दहा वर्षं थांबून तू वाचवलेस 1 लाख 20 हजार आणि गमावलेस साडेनऊ लाखांच्या वर. तेवढेच 17 लाख 60 हजार पाहिजे असतील तर 33 व्या वर्षापासून महिन्याला 2,200 भरायला लागतील, आणि तेव्हा लग्न झालेलं असेल, पोराची फी असेल, ताईची दुखणी-खुपणी असतील, तेव्हाचे 2,200 आजच्या हजारापेक्षा सोपे जातील असं मला वाटत नाही.

पण मला तुला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. सुरुवात पुष्कळ जण करतात रे. मी काउंटरला इतकी वर्षं बसलो, आरडी सुरू करणारे रोज यायचे, ती मुदतीपर्यंत ठेवणारे कमी, आणि मुदत संपल्यावर पैसे परत गुंतवणारे तर फारच थोडे. आपल्याकडे कसं असतं बघ, बाजारात पिग्मीवाला रोज संध्याकाळी दुकानादुकानात फिरतो, माणसं इमानदारीने पन्नास-शंभर देतात, वर्षभर साठतं आणि गणपती आले की पिग्मी मोडायची. मखर, भटजी, मुंबईहून येणारी माणसं, भजनी मंडळीची उसळ, सगळं त्यातून. त्यात वाईट काही नाही, गणपती वर्षातून एकदाच येतात आणि ते थाटात झालेच पाहिजेत. पण ते पैसे वर्षाचं वर्ष शून्यावर येतात, आणि शून्यावर व्याजाला व्याज मिळत नाही. तीस वर्षं पिग्मी भरणारा माणूस माझ्या माहितीत आहे, तीसही वेळा पहिल्या वर्षाचंच व्याज घेतलं त्याने.

म्हणून तू दोन खाती ठेव. एक पिग्मी किंवा आरडी, गणपती, शिमगा, बाईक, मोबाईल यासाठी, ती खुशाल मोड. आणि दुसरं पीपीएफ, ज्याच्याकडे बघायचंच नाही. पीपीएफ 15 वर्षांनी पुरं होतं, आत्ता उघडलंस तर मार्च 2041 ला, तेव्हा खात्यात निदान 3 लाख 15 हजार असतील आणि मित्र म्हणतील गाडी घे. त्या दिवशी हे पत्र काढून वाच. ते 3 लाख 15 हजार काढून परत पहिल्यापासून सुरू केलंस तर पुढच्या वीस वर्षांत 5 लाख 16 हजार होतील. न काढता पाच-पाच वर्षांची मुदत वाढवत नेलीस तर तेच 17 लाख 60 हजार. म्हणजे ती गाडी तुला 12 लाख 44 हजारांना पडेल. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपल्यावर वर्षाच्या आत द्यायचा असतो, ते विसरू नको. आणि खरीच अडचण आली तर सातव्या वर्षापासून थोडे पैसे काढता येतात, अगदी अडकून पडतात असं नाही.

हेच गणित उलटं पण चालतं, ते पण ऐक. इकडे बंदरावर एकाने इंजिनसाठी सावकाराकडून 50 हजार घेतले, शेकडा तीन रुपये महिना. ऐकायला तीन रुपये! सीझन पडला, व्याज थकलं, सावकाराने ते मुद्दलात धरलं. 72 भागिले 3, म्हणजे चोवीस महिन्यांत दुप्पट. तीन वर्षांत 1 लाख 45 हजार. तो मला म्हणाला, "मामानू, मुद्दल थंयच ऱ्हवला नि व्याज वाढतच गेला". क्रेडिट कार्डचं बिल पूर्ण भरलं नाही तर ते पण महिन्याला तीन-साडेतीन टक्के लावतात, साडेतीनाने वर्षाचे 51 टक्के होतात. तुझ्या कंपनीत कार्ड विकणारे येत असतील. घेतलंस तर दर महिन्याला बिल पूर्ण भर, नाहीतर घेऊच नको. इकडे 7 टक्क्याने मिळवायचं आणि तिकडे 51 टक्क्याने द्यायचं यात कोणाचंच घर उभं राहत नाही. तसंच कोणी 14-15 टक्के देतो, दामदुप्पट करून देतो म्हणाला तर लांब राहा, भले ओळखीचा असो. जिथे मुद्दलच बुडायची भीती तिथे चक्रवाढीचा उपयोग काय.

एक खरी गोष्ट मात्र लपवत नाही. 35 वर्षांनंतरच्या 17 लाखांना आजच्या 17 लाखांची किंमत नसणार. महागाई पण चक्रवाढीनेच वाढते, 5 टक्क्याने धरली तर साधारण चौदा वर्षांत वस्तूची किंमत दुप्पट. म्हणून हजारावर थांबायचं नाही. पगार वाढेल तसा दर वर्षी हप्ता 5 टक्क्यांनी वाढव, पुढच्या वर्षी 1,050, मग 1,100, असं. एवढंच केलंस तरी 35 वर्षांनी साडेबत्तीस लाखांच्या वर जातात. पुढे जमेल तेव्हा म्युच्युअल फंडात एसआयपी पण कर, तिथे जास्त मिळू शकतं पण वर-खाली होतं आणि खात्रीचा दर नसतो, त्यावर आपण वेगळं बोलू.

आता पाच तारखेचं. पीपीएफला महिन्याच्या 5 तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असते तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. तुझा पगार 7 ला होतो. 7 ला लगेच टाकलेस तर त्या महिन्याचं व्याज मिळणार नाही, तेव्हा पगारातून हजार बाजूला ठेव आणि पुढच्या महिन्याच्या 1-2 तारखेला टाक, विसरायला नको. पुढे कधी बोनस मिळाला तर वर्षाचे 12 हजार एकदम 5 एप्रिलच्या आत टाक, त्या वर्षाचं व्याज 461 च्या जागी 852 मिळतं. आणि काही झालं तरी वर्षाला निदान 500 भरलेच पाहिजेत, नाहीतर खातं बंद पडतं आणि दंड भरून चालू करावं लागतं.

पुढच्या शनिवारी तू येतोयस असं ताई म्हणाली. आधार, पॅन, दोन फोटो घेऊन ये, वारसदार म्हणून ताईचं नाव घालू. शनिवारी सकाळीच पोस्टात जाऊ, माझ्या वेळची माणसं अजून तिथे आहेत, फॉर्म मी भरून ठेवतो, तू फक्त सही कर. पहिला हप्ता तुझ्या पगारातलाच असू दे, माझ्याकडून घेऊ नको. येताना चिपळूणला गाडी थांबली तर मामीसाठी तिच्या गुडघ्याचं तेल आण, इकडे मिळत नाहीये.

तुझा,
विलासमामा