शीग

दिवेलागणीच्या आधी मोठ्याई बळदाच्या तोंडाशी येऊन बसायची. समोर सूप, सुपात अधोली. आत उतरायला आम्हा पोरांतलं सगळ्यात किडकिडीत लागायचं, म्हणजे बहुतेक वेळा मीच. गुडघाभर ज्वारीत उभी राहून मी अधोली भरायची. ती वर घेताना मोठ्याई माजघराकडं तोंड करून विचारायची, "तोंडं किती?"

"सतरा, आत्याबाई. अन् सालगडी दोन," आतून काकूचा आवाज यायचा.

मग त्या हिशोबानं दुसऱ्या दिवसाचं दळण निघायचं. शेजारीपाजारी अधोलीवरून हात फिरवून धान्य सपाट करायच्या. मोठ्याईनं तसं कधी केलं नाही. वरची शीग हलू न देता ती अधोली सुपात रिकामी करायची. चार दाणे बाहेर सांडायचे, ते कोंबड्या टिपायच्या. "शीग मोडली की घराची बरकत मोडती," एवढंच म्हणायची.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. 1993 च्या भूकंपात किल्लारीकडं माणसं दगडामातीखाली गेली. आमच्या वाड्याचं माळवद तगलं, देवघराची भिंत मात्र वरपासून खालपर्यंत फाटली. त्यानंतर कितीतरी दिवस कुणी घरात झोपलं नाही. आम्ही शेतात कडब्याची खोप करून राहिलो. आजोळची, आत्याची, कुणाकुणाची माणसं येऊन राहिली होती. मी सहा वर्षांची होते. लक्षात राहिलंय ते एवढंच, की मोठ्याई रोज सकाळी काकांना घेऊन त्या फाटक्या घरात शिरायची, बळदातून ज्वारी काढायची आणि बाहेर येऊन विचारायची, "आज किती?" तिच्याकडं बघून बाकीच्या बायकांनी चुली मांडल्या.

मग माणसं कमी होत गेली. भांडण झालं नाही की वाटणी झाली नाही. आधी बाबा आम्हाला शिक्षणासाठी लातूरला घेऊन गेले, तिथून पुण्याला. वर्षाताई लग्न होऊन हैदराबादला गेली. धाकटे काका बंगळुरूला. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या साली आमच्या विहिरीचा तळ दिसला आणि संजूदादा चाकणला कंपनीत लागला. वाड्यात राहिले दत्ताकाका, काकू आणि मोठ्याई.

किल्ल्या काकूच्या कमरेला कधी गेल्या ते मला सांगता येणार नाही. काकूनं त्या मागितल्या नसणार, तिचा तो स्वभावच नाही. मोठ्याईचे गुडघे धरले, बळदाशी बसता येईना. सोयाबीन आल्यावर ज्वारीचा पेराही घटला. मग बळद बंद झालं आणि दोन प्लास्टिकच्या पिपात वर्षाची ज्वारी मावायला लागली. मोठ्याईची बाज माजघरातून ढेळजेत आली. हवा लागावी, येणारं-जाणारं दिसावं, म्हणून. दिवाळीला आम्ही गेलो की पाया पडायचो, ती हातावर पेढा ठेवायची, आणि आम्ही आत चहाला जायचो. ती बाहेरच बसलेली असायची. तिला कुणी कधी उलटून बोललं नाही. कुणी काही विचारलंही नाही.

एकदा बाबा तिला पुण्याला घेऊन आले. पाचवा मजला. पहिल्याच संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. "किती तोंडं हाईत आज?"

"तुम्ही बसा हो आई, पोळ्यांना बाई येते," आई म्हणाली. आई मायेनंच म्हणाली. पण मोठ्याईचा भिंतीवर टेकलेला हात तसाच राहिला, बराच वेळ. त्यानंतर तिनं तो प्रश्न आमच्याकडं पुन्हा विचारला नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी बाबा तिला लातूरच्या गाडीत बसवून आले.

संजूदादाला मुलगी झाली. नवराबायको दोघं नोकरीला, म्हणून काकू तीन महिन्यांसाठी पुण्याला गेली. त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. किल्ल्या पुन्हा मोठ्याईकडं आल्या, आणि किल्ल्यांबरोबर चूल, सडा, म्हशीची धार, दत्ताकाकांची पथ्याची भाकरी. वय चौऱ्याऐंशी. धाकट्या काकांनी घरच्या ग्रुपवर तिचा चुलीपुढचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "मोठ्याई आहे म्हणून वाडा उघडा आहे." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. आम्ही त्याला तिचा मान म्हणत होतो. खरं तर आमच्यापैकी कुणालाच तिथं राहायचं नव्हतं, आणि कुलूप लावायचा धीरही होत नव्हता. मधे ती उभी होती.

30 डिसेंबर 2024 ला, सोमवारी, येळवस आली, रानात पूजा करून तिथंच जेवायची वेळ अमावास्या. लातूर जिल्ह्याला त्या दिवशी सुट्टी असते. पुण्या-बंगळुरूला येळवस म्हणजे काय हेच सांगावं लागतं, तिथं सुट्टी कोण देणार? सगळ्यांचे फोन आले, माणूस एकही येणार नव्हता. मी शनिवारी रात्री गाडीत बसले.

रविवारी तिन्हीसांजेला तिनं मला पिपापाशी नेलं. हातात तीच अधोली, कड झिजून पातळ झालेली.

"भर."

"मोठ्याई, तिघंच तर आहोत आपण. काका, तू, मी."

"भर म्हनलं ना."

मी भरली. सवयीनं वरून हात फिरवायला गेले, तिनं माझं मनगट धरलं. बोटं ताठ, गार. मी हात मागं घेतला. एकेक अधोली ओतताना ती नावं घेत होती: तुझा बाप, वर्षी, संज्या, संज्याची पोरगी. त्या पोरीला तिनं दोनदाच बघितलंय. तिच्या नावाची शीग सगळ्यात उंच होती.

"एवढं खाणार कोण?" मी विचारलं.

"येळवस हाय बाई. रानात अन्न कमी पडू नये."

रात्री तीनला ती उठली. भज्जीला तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे दाणे आम्ही आधीच सोलून ठेवले होते. बाजरीचे उंडे वळताना तिचं बोलणं बंद असतं, हे मला नव्यानं आठवलं. मी बसून बघत राहिले. वळून झालेला प्रत्येक उंडा ती तळहातावर क्षणभर तोलायची, मगच खाली ठेवायची. अंबिलाची बिंदगी काकांनी डोक्यावर घेतली. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत ती मोठ्याईच्या डोक्यावर असायची.

कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडले, पूजा झाली, काकांनी पिकावर अंबील शिंपडलं. आजूबाजूच्या रानांतून माणसांचा, पोरांचा गलका येत होता. आमच्या आंब्याखाली तीन पत्रावळ्या आणि भज्जीचं अख्खं पातेलं. काका खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता ही रडणार.

ती काठी टेकत बांधापलीकडच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागली. "या, जेवून जावा. येळवस हाय." मोटरसायकलवरून दोन शिक्षक आले, त्यांना बसवलं. शेळ्या राखणारं एक पोरगं आलं. मग ऊसतोडीच्या माणसांचा ट्रॅक्टर आला, मागं ट्रॉलीत बायका, लेकरं, कोयते, गोधड्यांची बोचकी. मोठ्याईनं काठी आडवी धरली. ट्रॅक्टर थांबला.

"कुठले रे तुमी?"

"बीडकडचे, आज्जी."

तिनं पदर खोचला. "तोंडं किती?"

ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बोटानं मोजलं. "अकरा. अन् लेकरं चार."

"उतरा," ती म्हणाली, आणि माझ्याकडं वळून, "बाई, पत्रावळ्या काढ."